मुलांचा रक्तदाब वाढलेला आढळला तर: योग्य कफ, खरा आकडा आणि किडनीच्या पहिल्या तपासण्या

नऊ वर्षांची एक मुलगी समजा. उंची ११८ सेंटीमीटर, म्हणजे वयाच्या मानाने बरीच कमी. अधूनमधून डोकं दुखतं, अजूनही रात्री अंथरूण ओलं होतं, आणि दोन वर्षांची होईपर्यंत तिला कारण न सापडलेले ताप बरेचदा येऊन गेले. एका ठिकाणी तिचं बीपी मोठ्या माणसांच्या कफने, म्हणजे दंडाला गुंडाळून हवा भरायच्या पट्ट्याने मोजलं तेव्हा ११०/७० आलं आणि ‘एकदम छान’ म्हणून घरी पाठवलं. पुढे दुसऱ्या ठिकाणी मुलांच्या कफने मोजलं तर १२२/८० आलं. घरच्यांना यातही काही खटकलं नाही, कारण मोठ्यांचं ‘नॉर्मल’ १२०/८० असतं हे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं असतं.

या मुलीला १२२/८० हा उच्च रक्तदाब आहे, आणि त्याचं मूळ किडनीत आहे. हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातला एकही तुकडा दुर्मीळ नाही. कफ कसा निवडायचा, आकडा कसा वाचायचा आणि पहिल्या तपासण्यांचे कागद हातात आले की त्यात काय पाहायचं, हे सगळं तिच्याच निमित्ताने क्रमाने पाहू.

किडनीचा संशय आधी का

मोठ्यांमध्ये बहुतेकदा रक्तदाबामागे एकच एक कारण सापडत नाही. किशोरवयात, विशेषतः वजन जास्त असेल आणि आईवडिलांना बीपी असेल, तर तिथेही बरेचदा तसंच असतं. मात्र मूल जितकं लहान आणि आकडा जितका चढा, तितकी आत दडलेल्या आजाराची शक्यता वाढते. अशा दडलेल्या कारणांमध्ये किडनी आणि किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सगळ्यात पुढे आहेत.

किडनी रक्तदाब दोन वाटांनी वाढवते. एक म्हणजे मीठ आणि पाणी बाहेर टाकणं जमेनासं झालं की ते शरीरात साचतं आणि रक्तवाहिन्यांवरचा भार वाढतो. घशाच्या किंवा त्वचेच्या जंतुसंसर्गानंतर किडनीच्या गाळण्या सुजतात तेव्हा हेच घडतं: सकाळी चेहरा सुजलेला, लघवी चहाच्या काढ्यासारखी गडद आणि कमी, आणि बीपी अचानक चढलेलं. दुसरी वाट शांत असते. किडनीच्या एखाद्या भागाला रक्त कमी मिळू लागलं, मग ते जुन्या संसर्गाने पडलेल्या व्रणामुळे असो वा धमनी अरुंद झाल्यामुळे, की तो भाग रेनिन नावाचं रसायन रक्तात सोडतो. त्यातून पुढे रक्तवाहिन्या आवळणारी साखळी सुरू होते. इथे सूज नसते, लघवीचा रंगही साधाच असतो. मूल शाळेत जातं, खेळतं, आणि बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहतं. आपल्या उदाहरणातली मुलगी या दुसऱ्या वाटेवरची आहे.

म्हणून निरोगी मुलाचंही बीपी तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा मोजावं, असं अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मूल फार लवकर जन्मलेलं असेल, नवजात अतिदक्षता विभागात राहिलेलं असेल, वारंवार लघवीचा संसर्ग झालेला असेल किंवा घरात जन्मजात किडनीविकार असेल, तर तीन वर्षांची वाट न पाहता आधीपासूनच मोजायचं असतं.

कफ: दंड मोजल्याशिवाय निवडू नका

‘लहान मुलांचा कफ’ असं लिहिलंय म्हणून तो तुमच्या मुलाला बसेलच असं नाही. वयावरून कफ निवडणं ही सर्रास होणारी चूक आहे. निवडायचा तो दंडाच्या घेरावरून. खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर मोजा, त्याच्या बरोबर मध्यावर पेनने खूण करा आणि हात सैल सोडून तिथला घेर मोजपट्टीने घ्या. पट्टी त्वचेला टेकली पाहिजे, रुतता कामा नये.

आता कफकडे या. कापडाचं माप इथे उपयोगाचं नाही. आतल्या हवा भरणाऱ्या रबरी पिशवीचं माप बघायचं. त्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के हवी आणि लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के. आपल्या मुलीचा घेर १८ सेंटीमीटर आहे. म्हणजे पिशवी किमान ७.२ सेंटीमीटर रुंद आणि साधारण साडेचौदा ते अठरा सेंटीमीटर लांब हवी. मुलांच्या नेहमीच्या कफमध्ये ती ९ बाय १८ असते, म्हणजे बरोबर बसते. पहिल्या ठिकाणी वापरलेल्या मोठ्यांच्या कफमध्ये ती साधारण १३ बाय ३० असते. एवढी रुंद पिशवी तिच्या जवळजवळ सगळ्या दंडावर पसरते. कफ फार मोठा असला की आकडा खोटा कमी येतो, आणि तिच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

उलट चूक स्थूल किशोरांमध्ये होते. पंधरा वर्षांच्या मुलाचा दंड ३८ सेंटीमीटर असेल तर मोठ्यांची ३० सेंटीमीटरची पिशवी घेराच्या ७९ टक्केच भरते आणि रुंदीही ३४ टक्क्यांवर अडते. त्याला साधारण १६ बाय ३८ मापाची, म्हणजे मोठ्या प्रौढांच्या कफमधली पिशवी लागते. लहान कफने आकडा खोटा वाढतो, आणि हा फरक मोठ्या कफमुळे होणाऱ्या फरकापेक्षा जास्त असतो. म्हणून घेर दोन कफच्या मधोमध पडला तर त्यातला मोठा घ्यावा. दवाखान्यात एकच कफ दिसला तर मुलाचा दंड मोजून घ्यायला सांगायला संकोच करू नका. माझ्या मते मुलांच्या बीपीच्या चिठ्ठीवर वापरलेल्या कफचं माप लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नये.

मोजताना

मूल खुर्चीत पाठ टेकून बसलेलं, पाय जमिनीवर सपाट आणि एकमेकांवर न टाकलेले. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. बसल्यावर तीन ते पाच मिनिटं काही बोलायचं नाही, मोबाइलही नको. लघवी लागलेली नसावी. उजवा हातच घ्यायचा, कारण तुलनेचे तक्ते उजव्या हाताच्या मोजणीवर बेतलेले आहेत आणि महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर डाव्या हातात आकडा कमी येऊ शकतो. बाही वर सरकवून दंड आवळण्यापेक्षा सरळ काढूनच टाकावी. कफची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला.

स्टेथोस्कोपने मोजणारा माणूस मनगटाची नाडी लागेनाशी होते तिथून आणखी २० ते ३० वर हवा भरतो आणि मग सेकंदाला दोन-तीन अंशांच्या वेगाने सोडतो. हवा झपकन सोडली तर पहिला ठोका निसटतो. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा आणि ठोके थांबतात तो खालचा. काही मुलांमध्ये ठोके शून्यापर्यंत ऐकू येतात. तेव्हा स्टेथोस्कोपचा दाब हलका करून पुन्हा ऐकायचं, आणि तरीही तसंच राहिलं तर ठोके जिथे मंदावतात तो आकडा धरायचा.

आपोआप मोजणारं यंत्र चाळणीसाठी चालतं, फक्त ते मुलांसाठी तपासून पारखलेलं असावं आणि दंडावरचं असावं. मनगटावरचं यंत्र मुलांना नको. यंत्राने आकडा चढा दाखवला तर स्टेथोस्कोपने खात्री करायची, हा नियम आहे. रडणाऱ्या बाळाचा आकडा तर लिहूच नये.

पहिला आकडा बहुधा चढा येतो. तो जास्त वाटला तर त्याच भेटीत आणखी दोनदा मोजून त्या दोहोंची सरासरी घ्यायची. या मुलीचे आकडे होते १२८/८४, मग १२३/८१ आणि १२१/७९. शेवटच्या दोनची सरासरी १२२/८०. आकडा चढा ठरला की एका पायाचंही बीपी घ्यायचं आणि जांघेतली नाडी चाचपायची. पायातला वरचा आकडा एरवी हातापेक्षा थोडा जास्त असतो. तो कमी आला किंवा जांघेत नाडी लागलीच नाही, तर वाट किडनीकडे न जाता महाधमनीकडे जाते आणि हृदयाची इको तपासणी आधी लागते.

आकडा वाचायचा कसा

तेरा वर्षांखालच्या मुलाचं बीपी वय, लिंग आणि उंची या तिन्हींवरून तक्त्यात पाहावं लागतं. तक्ता हाताशी नसेल तर चाळणीसाठी काही आकडे लक्षात ठेवता येतात. सहाव्या वर्षी साधारण १०५/६६, दहाव्या वर्षी १०८/७२ आणि तेरापासून पुढे १२०/८०. यापेक्षा वर गेलं म्हणजे आजार ठरला असं नाही. आता पूर्ण तक्ता उघडून नीट मोजायचं, एवढाच त्याचा अर्थ.

तक्त्यातली ९५ पर्सेंटाइलची रेघ म्हणजे त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि उंचीच्या शंभरातल्या ९५ मुलांचा आकडा जिच्या खाली असतो ती रेघ, आणि तिच्यापासून उच्च रक्तदाबाचा पहिला टप्पा सुरू होतो. नऊ वर्षांच्या ठेंगण्या मुलीसाठी ही रेघ साधारण ११२/७४ वर आहे. त्यात १२ मिळवले की दुसऱ्या टप्प्याची सुरुवात होते, म्हणजे १२४/८६. तिचं १२२/८० या दोन्हींच्या मध्ये, पहिल्या टप्प्यात येतं. उंची का लागते तेही इथेच दिसतं. हाच आकडा तिच्याच वयाच्या उंच मुलीत रेघेपासून इतका दूर नसता. तेरा वर्षांपुढे मामला सोपा होतो: १३०/८० पासून पहिला टप्पा, १४०/९० पासून दुसरा.

निदानावर शिक्का मारायला तीन वेगवेगळ्या भेटींत आकडा चढा हवा. पहिल्या टप्प्यात पुढची भेट एक-दोन आठवड्यांनी आणि तिसरी साधारण तीन महिन्यांनी चालते, दुसऱ्या टप्प्यात मात्र पुढची भेट आठवड्याच्या आत. दवाखान्याच्या भीतीने आकडा चढतोय का हे ठरवायला २४ तास दंडावर बांधून ठेवायचं यंत्र पाच वर्षांपुढच्या मुलांना लावता येतं. किडनीच्या आजारात ते आणखी एका कारणाने मोलाचं आहे. दिवसा दवाखान्यात साधारण दिसणारं बीपी रात्री झोपेत उतरतच नाही, हे त्यातच कळतं.

पण तीन भेटींचा नियम लक्षणं नसलेल्या मुलासाठी आहे. जोरदार डोकेदुखी आणि उलट्या, धूसर दिसणं, झटका, चेहरा वाकडा होणं, गुंगी किंवा धाप, यातलं काहीही चढ्या बीपीसोबत दिसलं, किंवा आकडा ९५ पर्सेंटाइलच्या रेघेपेक्षा ३० ने वर गेला, किशोरात १८०/१२० च्या वर गेला, तर पुढची भेट ठरवायची नाही. त्याच घडीला रुग्णालय गाठायचं. आपल्या मुलीची डोकेदुखी तशी नाही. मात्र ठेंगणेपणा, अंथरूण ओलं होणं आणि लहानपणचे ताप एकत्र धरले तर तीन महिने थांबण्यात अर्थ नाही. तिच्या तपासण्या पहिल्याच आठवड्यात सुरू होतात.

पहिल्या तपासण्या आणि त्यात फसवणाऱ्या जागा

सुरुवातीची यादी छोटी आहे: लघवीची साधी तपासणी, रक्तातलं युरिया, क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार, आणि चरबीची तपासणी. मूल सहा वर्षांखालचं असेल, किंवा लघवी वा क्रिएटिनिनमध्ये खोट निघाली, तर किडनीची सोनोग्राफी. वजन जास्त असेल तर साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि यकृताची तपासणी जोडतात. किशोरवयीन, स्थूल, घरात बीपी, आणि तपासणीत बाकी काहीच खटकत नाही, अशा मुलाच्या मागे मोठ्या तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लावायची गरज नसते.

लघवी सकाळी उठल्याबरोबरची, मधल्या धारेची घ्या. काही किशोरांमध्ये दिवसभर उभं राहिल्याने लघवीत प्रथिन उतरतं आणि झोपून उठल्यावर नाहीसं होतं. त्याचा किडनीच्या आजाराशी संबंध नसतो, आणि सकाळच्या नमुन्याने हा घोळ टळतो. ताप, जोरदार व्यायाम किंवा मासिक पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नका. लघवीत बुडवून पाहायच्या तपासणीच्या पट्टीवर प्रथिन दिसलं तर प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर मागवायचं. दोन वर्षांपुढे ते ०.२ च्या खाली असतं. पट्टीवर रक्त दिसलं तर लघवी ताजी असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवी, कारण लाल पेशींचे साचे, म्हणजे किडनीच्या बारीक नळ्यांत जमून त्यांचाच आकार घेतलेले पेशींचे पुंजके, फार वेळ टिकत नाहीत. ते दिसले तर सूज गाळणीतच आहे हे जवळजवळ नक्की होतं.

या मुलीच्या लघवीत रक्त नव्हतं, प्रथिन ‘दोन अधिक’ होतं आणि गुणोत्तर ०.८ आलं.

आता क्रिएटिनिन. तिचं आलं ०.९. प्रयोगशाळेच्या कागदावर शेजारी छापलेली मर्यादा ०.६ ते १.२, म्हणून लाल खूण नाही आणि आईवडील निश्चिंत. सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. ती मर्यादा मोठ्यांची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि लहान मुलाचे स्नायू कमी, म्हणून त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी असायला हवं. मुलांसाठी एक साधं गणित वापरतात: उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, तिला ०.४१३ ने गुणा आणि मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधल्या क्रिएटिनिनने भागा. ११८ गुणिले ०.४१३ म्हणजे ४८.७, भागिले ०.९ म्हणजे ५४. निरोगी मुलात हा आकडा ९० च्या वर असतो. म्हणजे ‘नॉर्मल’ क्रिएटिनिनच्या कागदाखाली किडनीचं काम जवळपास निम्म्यावर आलेलं होतं. मुलाच्या कागदावर उंची लिहिलेली नसेल तर स्वतः मोजून हे गणित करून पाहा आणि उत्तर डॉक्टरांसमोर ठेवा. फार बारीक किंवा फार दणकट मुलात ते थोडं चुकतं, पण एवढी घसरण दडवत नाही.

पोटॅशियमही वाचण्यासारखं असतं. बीपी चढलेलं आणि पोटॅशियम कमी, असं जोडीने दिसलं तर किडनीची धमनी अरुंद असण्याचा किंवा किडनीच्या वर बसलेल्या अड्रिनल ग्रंथीच्या दोषाचा विचार करावा लागतो. पोटॅशियम जास्त असेल तर किडनीची ताकदच घटलेली असू शकते, आणि मग औषध निवडतानाही हात आखडता घ्यावा लागतो. मात्र लहान मुलाचं रक्त कष्टाने, पिळून काढलं असेल तर पेशी फुटून पोटॅशियम खोटं वाढतं, म्हणून एकदा पुन्हा तपासावं.

सोनोग्राफीत किडन्यांची लांबी, दोघींमधला फरक, कडांचा खडबडीतपणा, लघवीची वाट फुगली आहे का आणि गाठी आहेत का, हे पाहतात. या मुलीची उजवी किडनी ६.१ सेंटीमीटर आणि डावी ७.४ निघाली. तिच्या वयाला दोन्ही लहान, कडा उंचसखल. लहानपणचे ते ताप बहुधा लघवीच्या संसर्गाचे होते आणि त्यांचे व्रण मागे राहिले. व्रण नेमके कुठे आणि किती, हे सोनोग्राफी पुरेसं सांगत नाही. त्यासाठी डीएमएसए नावाचा स्कॅन करतात. म्हणूनच सोनोग्राफी साफ आली तरी किडनी निर्दोष ठरत नाही. बारीक व्रण आणि अरुंद धमनी दोन्ही त्यातून निसटतात. आकडा फार चढा आहे, मूल सडपातळ आहे, घरात बीपी नाही, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर घरघर ऐकू येते, अशा मुलाचे पहिले सगळे कागद चांगले आले तरी धमन्यांची डॉपलर आणि गरजेप्रमाणे सीटी किंवा एमआरआयने पाहणी करावी लागते.

हृदयाचा ईसीजी पुष्कळदा सवयीने काढला जातो. भिंत जाड झाली का हे ठरवायला मुलांमध्ये तो भरवशाचा नाही. औषध सुरू करायचं ठरलं की इको करतात.

औषध सुरू होण्याआधी आणि झाल्यावर

तज्ज्ञांकडे जाताना बीपीच्या सगळ्या नोंदी तारीख, वेळ, कोणता हात आणि कफच्या मापासकट न्या. उंची-वजनाचा जुना तक्ता, जन्माच्या वेळचं वजन, तापाच्या आणि लघवीच्या जुन्या चिठ्ठ्या आणि घरातल्या किडनीविकाराची माहितीही न्या. चालू औषधं लपवू नका. स्टेरॉइड, नाक मोकळं करणारी औषधं, लक्ष केंद्रित होण्यासाठीच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, सगळ्यांनी बीपी चढू शकतं. किडनीचं काम घटलेलं असेल तर ताप-दुखण्याला आयबुप्रोफेन मनाने देऊ नका.

लघवीत प्रथिन असलेल्या किडनीच्या आजारात एनालाप्रिलच्या गटातली औषधं पहिली पसंती असतात, कारण ती बीपी उतरवतात आणि प्रथिनाची गळतीही कमी करतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पाहायचं. क्रिएटिनिन एकदम उसळलं तर दोन्ही धमन्या अरुंद असण्याची शंका घेतात. गर्भाला या औषधांनी इजा होते, म्हणून किशोरवयीन मुलीला ती देताना हे तिच्याशी स्पष्ट बोललं पाहिजे. उलट्या-जुलाबाने मूल सुकलं असेल त्या दिवशी पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अंगात पाणी कमी असताना हीच गोळी किडनीचं काम आणखी खाली आणते.